आक्षेप, पूर्तता आणि मधले शहात्तर दिवस
एका संगणक-घुसखोरीच्या तपासाची आणि तिच्या आधीच्या ऑडिटची चिकित्सा

संगणक-सुरक्षेचे ऑडिट आणि घुसखोरीनंतरचा तपास ही गेली काही वर्षे माझी उपजीविका आहे. या विषयाची पदवी माझ्याकडे नाही. जे शिकलो ते पुस्तकांतून, छापील अहवालांतून आणि काम करता करता. या व्यवसायाची एक मोठी अडचण अशी की त्यातले जे सर्वांत सांगण्यासारखे असते, तेच सांगता येत नाही. काम सुरू होण्याआधी गुप्ततेच्या करारावर सही होते आणि संस्थेचे नाव, तिची यंत्रणा, तिथे सापडलेल्या त्रुटी, तपासाला वापरलेली साधने हे सगळे त्या सहीच्या आड जाते. त्यामुळे बाहेरच्या माणसाला दोनच चित्रे दिसतात. सिनेमात काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरे पळतात, आणि वर्तमानपत्रात ‘माहितीची चोरी, चौकशी सुरू’ एवढी बातमी येते. चौकशी म्हणजे नेमके काय चालते, आणि आधी झालेले ऑडिट त्या वेळी कुठे होते, हे प्रश्न तसेच राहतात.

यातून मार्ग म्हणजे जिची चौकशी जाहीरपणे झाली आहे अशी घटना घेणे. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ रोजी पडलेला सुमारे ९४ कोटी रुपयांचा दरोडा मराठी वाचकाला आठवत असेल. पण एका घटनेवर तीन स्वतंत्र सरकारी चौकश्या व्हाव्यात आणि तिन्हींचे अहवाल कोणालाही वाचता यावेत, असे क्वचित घडते. अमेरिकेतील इक्विफॅक्स या कंपनीच्या बाबतीत ते घडले. त्या देशाच्या महालेखापालाच्या धर्तीच्या ‘गाओ’ या संस्थेचा अहवाल ऑगस्ट २०१८ मध्ये आला, प्रतिनिधीगृहाच्या समितीचा डिसेंबर २०१८ मध्ये आणि सिनेटच्या उपसमितीचा मार्च २०१९ मध्ये. या लेखात जे तपशील येतील ते त्या जाहीर कागदपत्रांतले आहेत. ऑडिट आणि तपास या दोन्ही गोष्टी इतक्या जवळून पाहायला मिळतील अशी दुसरी घटना मला ठाऊक नाही.

एक ईमेल आणि एक शोध

इक्विफॅक्स ही अटलांटा शहरातील पतमाहिती कंपनी. आपल्याकडे कर्ज मागायला गेले की बँक ज्या प्रकारच्या कंपनीकडून आपला स्कोअर मागवते, त्यातलीच ही एक. कोट्यवधी लोकांची नावे, जन्मतारखा, पत्ते आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक तिच्याकडे साठलेले असतात. आपल्या पतअहवालात काही चूक असेल तर तक्रार नोंदवण्यासाठी तिचे एक पोर्टल होते. त्यामागची मूळ यंत्रणा १९७०च्या दशकातली. तिच्यावर पुढे वेबसाइटचा दर्शनी भाग चढवला गेला, आणि तो ‘अपाची स्ट्रट्स’ नावाच्या तयार सॉफ्टवेअरवर उभा होता.

७ मार्च २०१७ रोजी अपाचीने जाहीर केले की स्ट्रट्समध्ये एक गंभीर त्रुटी आहे आणि तिच्यावरचा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा तुकडा, उपलब्ध आहे. दुसऱ्या दिवशी अमेरिकी सरकारच्या संगणक-आपत्ती पथकाने इशारा दिला. ९ मार्चला इक्विफॅक्सच्या सुरक्षा विभागाने चारशेहून अधिक कर्मचाऱ्यांना ईमेल पाठवली, की ज्यांच्याकडे स्ट्रट्स असेल त्यांनी ४८ तासांत दुरुस्ती करावी. कागदावर पाहिले तर सगळे वेळेत आणि नियमानुसार झाले होते.

प्रत्यक्षात असे घडले की तक्रार-पोर्टलमध्ये स्ट्रट्स आहे हे ज्या प्रोग्रॅमरला ठाऊक होते, त्याचे नाव त्या चारशेंच्या यादीत नव्हते. त्याच्या वरच्या अधिकाऱ्याचे होते, पण त्याने ती ईमेल पुढे पाठवली नाही. ज्या यादीत माणसे आहेत पण कोणाकडे कोणते सॉफ्टवेअर आहे हे नाही, ती यादी संबंधित माणसापर्यंत पोचेलच याची काही खात्री नसते. म्हणून चारशे जणांना ईमेल पाठवूनही एका पोर्टलला निरोप मिळाला नाही.

अशी चूक पकडण्यासाठीच दुसरी चाळणी असते. १५ मार्चला सुरक्षा विभागाने आपल्या यंत्रणेत ही त्रुटी कुठे आहे का याचा स्वयंचलित शोध घेतला, ज्याला स्कॅन म्हणतात. स्कॅनचे उत्तर आले, की कुठेही नाही. तपासात नंतर दिसले की शोध वरच्या फोल्डरपुरताच झाला होता आणि स्ट्रट्स आतल्या उपफोल्डरमध्ये होते. घराच्या दिवाणखान्यात डोकावून ‘घरात उंदीर नाही’ असे लिहून द्यावे, तसे ते उत्तर होते.

ऑडिट करणाऱ्याच्या कामातला कळीचा मुद्दा इथे आहे. ‘सापडले नाही’ आणि ‘नाही’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत. स्कॅनचा अहवाल हाती आला की मी सर्वांत आधी निष्कर्ष वाचत नाही. शोध किती यंत्रांवर झाला आणि संस्थेकडे एकूण यंत्रे किती आहेत, हे आकडे शेजारी शेजारी मांडतो. ते जुळत नसतील तर निष्कर्षाच्या रकान्यातल्या शून्याला फारसा अर्थ राहत नाही. दुसरी कसोटी अशी, की जिथे त्रुटी असल्याचे आधीच पक्के माहीत आहे अशा एका चाचणी-यंत्रावर तोच शोध चालवून पाहायचा. तिथेही तो ‘नाही’ म्हणाला, तर दोष शोधात आहे. ही कसोटी पाहायला फार वेळ लागत नाही, पण ज्याला आधीच उत्तर मिळाले आहे असे वाटते तो ती करत नाही.

जागेवर असलेला, पण न पाहणारा पहारेकरी

पॅच जाहीर झाला ७ मार्चला, आणि १० मार्चला कोणीतरी बाहेरून इक्विफॅक्सचे ते पोर्टल चाचपून पाहिले होते. त्रुटी जाहीर झाल्यापासून तिसऱ्याच दिवशी. पुढे १३ मे रोजी खरी घुसखोरी सुरू झाली आणि २९ जुलैला ती लक्षात आली. अहवालांनी या काळाची मोजणी ७६ दिवस केली आहे.

या काळात काय झाले ते थोडक्यात असे. पोर्टलला आपल्या कामासाठी तीन डेटाबेस लागत होते. घुसखोरांना आत एका फाइलमध्ये उघड्या स्वरूपात ठेवलेली युजरनेम आणि पासवर्ड मिळाले, आणि त्यांच्या जोरावर ते पोर्टलशी काही संबंध नसलेल्या आणखी ४८ डेटाबेसपर्यंत पोचले. मधे कुलूपबंद दारे नव्हती. त्यांनी सुमारे ९,००० प्रश्न डेटाबेसला विचारले. त्यांतल्या २६५ प्रश्नांना लोकांची वैयक्तिक माहिती असलेली उत्तरे मिळाली. ती लहान लहान तुकड्यांत, नेहमीच्या वेब-रहदारीत मिसळून बाहेर नेण्यात आली.

आता वाचक विचारेल की एवढ्या मोठ्या कंपनीत पहारा नव्हता का? पहारा होता. येणारी-जाणारी रहदारी तपासणारे उपकरण तिथे बसवलेले होते. पण आजची बहुतेक रहदारी सांकेतिक रूपात, म्हणजे बंद पाकिटात प्रवास करते. ते पाकीट उघडून आत पाहण्यासाठी उपकरणाला वैध डिजिटल सर्टिफिकेट लागते. त्या सर्टिफिकेटची मुदत कधीच संपून गेली होती. मुदत संपल्यावर उपकरणाने रहदारी अडवली नाही, तर न उघडताच पुढे जाऊ दिली. दिवे लागलेले, यंत्र चालू, तक्रार कोणाचीच नाही.

असे का घडावे याचे कारण साधे आहे. वेबसाइटचे सर्टिफिकेट संपले तर ग्राहकाच्या पडद्यावर लाल सूचना येते आणि तासाभरात फोन खणखणतात. पहाऱ्याच्या उपकरणाचे संपले तर कोणाचेच काम अडत नाही. जे बंद पडल्यावर कोणाची गैरसोय होत नाही, ते बंद पडलेले सर्वांत उशिरा कळते. प्रतिनिधीगृहाच्या अहवालानुसार इक्विफॅक्सची त्या वेळी निदान ३२४ सर्टिफिकेटे मुदतबाह्य होती आणि त्यांतली ७९ अत्यंत महत्त्वाच्या ठिकाणच्या देखरेखीची होती. म्हणून ऑडिटमध्ये देखरेखीचे उपकरण ‘आहे का’ एवढे विचारून भागत नाही. गेल्या आठवड्यात त्याने काय पाहिले ते दाखवा, असे म्हणावे लागते. ज्या पहारेकऱ्याच्या वहीत महिनोन्‌महिने एकही नोंद नाही, तो एक तर फार भाग्यवान जागी उभा आहे किंवा झोपलेला आहे.

२९ जुलै ते ७ सप्टेंबर

२९ जुलैच्या संध्याकाळी ते सर्टिफिकेट बदलण्यात आले आणि उपकरणाला दिसू लागताच संशयास्पद रहदारी दिसली. पहिला मार्ग अडवला गेला. ३० जुलैला तसाच आणखी एक मार्ग दिसला, तेव्हा पोर्टलच बंद करण्यात आले. २ ऑगस्टला एफबीआयला कळवले गेले आणि बाहेरची तपास कंपनी, मॅन्डियन्ट, बोलावण्यात आली. लोकांना मात्र ही गोष्ट ७ सप्टेंबरला सांगितली गेली. मधले चाळीस दिवस काय चालले होते, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला.

घटनेनंतरच्या कामात पहिला पेच असतो तो अडवायचे की पाहत राहायचे याचा. दार लगेच लावले तर नुकसान थांबते, पण घुसखोराला कळते की आपण सापडलो. त्याने दुसरीकडे काही ठेवले असेल तर तो तिथून काम चालू ठेवतो किंवा आपल्या खुणा पुसतो. पाहत राहिले तर त्याचा संपूर्ण वावर कळतो, पण दर मिनिटाला माहिती बाहेर जात असते. लोकांची खाजगी माहिती प्रत्यक्ष वाहून जाताना दिसत असेल, तर दार लावणे हाच निर्णय योग्य. इक्विफॅक्सने तो घेतला आणि त्या बाबतीत त्यांना दोष देता येत नाही.

दुसरे काम पुरावा राखण्याचे. संशयित संगणकाची जशीच्या तशी प्रत काढतात आणि त्या प्रतीची गणिती मोहोर, म्हणजे हॅश, नोंदवून ठेवतात. प्रतीतले एक अक्षर जरी बदलले तरी मोहोर पूर्णपणे बदलते, त्यामुळे पुढे न्यायालयात ‘हीच ती प्रत’ असे म्हणता येते. मग वेगवेगळ्या यंत्रांच्या नोंदी, म्हणजे लॉग, एका कालरेषेवर बसवायच्या. हे वाटते तितके सोपे नसते. एका यंत्राचे घड्याळ अटलांटाच्या वेळेवर, दुसऱ्याचे जागतिक प्रमाणवेळेवर, तिसरे चार मिनिटे पुढे. जुलै महिन्यात अटलांटात दुपारचे बारा वाजतात तेव्हा जागतिक वेळेत दुपारचे चार आणि आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. घड्याळे जुळवून घेतली नाहीत, तर आधी चोरी आणि मग दार फोडणे असा उलटा क्रम कागदावर येतो.

पुरावा केवळ यंत्रांत नसतो, तो माणसांच्या बोलण्यातही असतो. कोणी कोणाला कधी सांगितले, कोणता निर्णय का घेतला, हे तपासाला लागते. इक्विफॅक्सचे कर्मचारी या काळात कंपनीच्या चॅटवर एकमेकांशी बोलत होते आणि ती चॅट साठवून न ठेवण्याची व्यवस्था तशीच चालू होती. सिनेटच्या अहवालाप्रमाणे कागदपत्रे जपून ठेवण्याचा आदेश २२ ऑगस्टला निघाला आणि चॅट साठवणे त्याहीनंतर, १५ सप्टेंबरला सुरू झाले. त्यामुळे ऐन धामधुमीच्या दिवसांतले बोलणे तपासनीसांना मिळालेच नाही. घटना कळताच ‘आजपासून काहीही पुसायचे नाही’ हा निरोप पहिल्या तासात जायला हवा, तो का, ते यावरून समजते.

तिसरे आणि सर्वांत वेळखाऊ काम म्हणजे नेमके काय आणि कोणाचे गेले ते ठरवणे. इक्विफॅक्सच्या बाबतीत घुसखोरांनी विचारलेले प्रश्न लॉगमधून पुन्हा उभे करून ते डेटाबेसच्या प्रतीवर चालवून पाहण्यात आले, म्हणजे त्यांना जी उत्तरे मिळाली असतील ती आपल्यालाही मिळावीत. मग त्या उत्तरांतली माणसे मोजायची. इथे नवी अडचण उभी राहते. एकच माणूस चार तक्त्यांत चार स्पेलिंगांनी असतो. कुठे जन्मतारीख आहे तर पत्ता नाही, कुठे नुसता वाहन-परवान्याचा क्रमांक आहे. तपास करणाऱ्यांनी माणूस ओळखण्यासाठी सोशल सिक्युरिटी क्रमांकाचा आधार घेतला. ७ सप्टेंबरला जाहीर झालेला आकडा होता १४ कोटी ३० लाख. ऑक्टोबरात त्यात २५ लाखांची भर पडली. मार्च २०१८ मध्ये आणखी २४ लाख लोक सापडले. ज्यांची फक्त नावे आणि वाहन-परवान्याची अर्धवट माहिती गेली होती असे हे लोक सोशल सिक्युरिटी क्रमांकाच्या धाग्याला लागलेच नव्हते. एकूण आकडा १४ कोटी ७९ लाखांवर गेला.

वाढत जाणारा आकडा म्हणजे लपवाछपवी, असे बाहेरून वाटते. कधी ते खरेही असते. पण पुष्कळदा मोजणी कोणत्या धाग्याने केली यावर आकडा ठरतो. म्हणूनच पहिल्या आकड्यासोबत ‘ही मोजणी अमुक ओळखीवरून केली आहे आणि ती ओळख नसलेले लोक यात नाहीत’ असे एक वाक्य लिहिणे हे तपास करणाऱ्याचे कर्तव्य आहे. त्या एका वाक्याने कोणतीही त्रुटी उघड होत नाही.

लोकांना कळवण्यातला एक प्रसंग इथे सांगायला हवा, कारण त्यात यंत्राचा दोष काहीच नव्हता. कंपनीने लोकांसाठी `equifaxsecurity2017.com` अशी वेगळीच वेबसाइट उघडली. हे नाव कंपनीच्या नेहमीच्या पत्त्याचा भाग नव्हते, त्यामुळे त्याची नक्कल करणे सोपे होते. हे दाखवून देण्यासाठी एका प्रोग्रॅमरने शब्दांची अदलाबदल करून `securityequifax2017.com` अशी लुटुपुटूची वेबसाइट तयार केली. काही दिवसांनी कंपनीच्या अधिकृत ट्विटर खात्यावरूनच ग्राहकांना तो दुसरा पत्ता दिला गेला, आणि तोही एकापेक्षा अधिक वेळा. आपल्याच माणसांना जो पत्ता ओळखू येत नाही, तो घाबरलेल्या ग्राहकाने कसा ओळखावा?

दोन वर्षांपूर्वीचा आक्षेप

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ऑडिट कुठे होते? उत्तर असे आहे की ते झालेले होते. २०१५ साली इक्विफॅक्सने पॅच लावण्याच्या आपल्या पद्धतीचे अंतर्गत ऑडिट केले. त्यात आढळले की नव्वद दिवसांहून अधिक काळ दुरुस्तीविना पडलेल्या ८,५०० हून जास्त त्रुटी आहेत. त्यांतल्या हजारावर त्रुटी इंटरनेटवरून पोचता येईल अशा यंत्रांवर होत्या. ऑडिटने आणखी तीन गोष्टी लिहिल्या. कंपनीकडे आपल्या सर्व यंत्रांची आणि सॉफ्टवेअरची पूर्ण यादी नाही. पॅच वेळेवर लागतात की नाही हे कोणी तपासत नाही, सगळे विश्वासावर चालते. आणि कोणती यंत्रे अधिक महत्त्वाची याचा विचार न करता दुरुस्तीचा क्रम ठरतो.

वाचकाने हे तीन आक्षेप मार्च २०१७ मधल्या घटनांशेजारी ठेवून पाहावेत. यादी नव्हती, म्हणून ईमेल चुकीच्या चारशे जणांना गेली आणि स्कॅन चुकीच्या फोल्डरवर झाला. तपासणी नव्हती, म्हणून ४८ तासांचा नियम मोडल्याचे कोणाला कळले नाही. महत्त्वाचा क्रम नव्हता, म्हणून लोकांची माहिती हाताळणारे, बाहेर उघडे असलेले पोर्टल इतरांच्या रांगेत उभे राहिले. २०१५च्या ऑडिटने स्ट्रट्सची त्रुटी सांगितली नव्हती, सांगणे शक्यच नव्हते, कारण ती तेव्हा कोणाला माहीत नव्हती. पण ती त्रुटी आली तर ती कोणत्या वाटेने निसटेल, ते त्या अहवालाने दोन वर्षे आधी लिहून ठेवले होते.

मग राहिले काय? सिनेटच्या अहवालात याचे उत्तर आहे. त्या ऑडिटनंतर पुन्हा तपासणीचे ऑडिट झालेच नाही. आपल्याकडच्या गृहनिर्माण सोसायटीच्या कमिटीवर ज्यांनी काम केले आहे, त्यांना हे चटकन समजेल. लेखापरीक्षक आक्षेप काढतो, मग संस्थेने दोषदुरुस्ती अहवाल द्यायचा असतो. त्या अहवालात प्रत्येक आक्षेपापुढे ‘पूर्तता केली’, ‘नोंद घेतली’, ‘यापुढे दक्षता घेऊ’ असे लिहिता येते. या तीन शब्दप्रयोगांतला फक्त पहिलाच तपासून पाहता येतो, आणि तोही कोणी पुन्हा येऊन पाहिले तरच. संगणकाच्या ऑडिटमध्येही तसेच आहे. आक्षेपाची किंमत तो लिहिण्यात थोडी आणि तो मिटल्याचे दुसऱ्या माणसाने पाहण्यात जास्त असते.

३ ऑक्टोबर २०१७ रोजी कंपनीचे माजी मुख्याधिकारी अमेरिकी संसदेपुढे म्हणाले की दोन चुका झाल्या. एका माणसाने निरोप पुढे दिला नाही आणि स्कॅनने त्रुटी पकडली नाही. ज्या अधिकाऱ्याने ईमेल पुढे पाठवली नव्हती, त्याला आदल्या दिवशी नोकरीवरून काढण्यात आले होते. तपासाच्या व्यवसायात हा क्षण फार ओळखीचा आहे. कालरेषेवर मागे मागे जात राहिले की कुठेतरी एक माणूस सापडतोच आणि तिथे थांबण्याचा मोह होतो. पण एका ईमेलवर चौदा कोटी लोकांची माहिती अवलंबून राहावी अशी व्यवस्था कोणी आणि कधी मान्य केली, हा त्यापुढचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर २०१५च्या अहवालापुढच्या रिकाम्या रकान्यात आहे. प्रतिनिधीगृहाच्या समितीने ही घटना पूर्णपणे टाळता येण्यासारखी होती असा निष्कर्ष काढला, तो याच कारणाने.

काय झाकायचे, काय नाही

आता गुप्ततेच्या त्या सहीबद्दल. त्रुटी जाहीर झाल्यापासून तीन दिवसांत पोर्टलची चाचपणी झाली, हे वर आलेच. गुप्ततेचे खरे समर्थन एवढेच आहे. त्रुटी सांगितली की एक शर्यत सुरू होते आणि दुरुस्ती झालेली नसेल तर ती शर्यत आपण हरतो. म्हणून दुरुस्त न झालेल्या त्रुटीची जागा, यंत्रणेचा आतला नकाशा आणि पहाऱ्याची साधने कुठे आंधळी आहेत ती माहिती, या तीन गोष्टी बाहेर सांगू नयेत. तपासाच्या अहवालाच्या म्हणूनच अनेकदा वेगवेगळ्या आवृत्त्या करतात. दुरुस्ती करणाऱ्यांसाठी संपूर्ण, संचालकांसाठी परिणाम आणि निर्णय सांगणारी, आणि बाहेरच्यांसाठी घटनाक्रमाची.

पण इक्विफॅक्सच्या तीन अहवालांत जे महत्त्वाचे निघाले, ते या तिन्हींपैकी कशातच बसत नाही. चुकीची यादी, अपुरा शोध, संपलेली मुदत, न झालेली पुनर्तपासणी, उशिरा निघालेला आदेश. यांतले काहीही जाहीर केल्याने चोराच्या हाती किल्ली जात नाही. तरीही संस्था गुप्ततेच्या नावाखाली सर्वांत आधी याच गोष्टी झाकतात, कारण त्यांत यंत्रांची नव्हे तर निर्णयांची नावे येतात. ऑडिट करणाऱ्याने करारावर सही करण्याआधी एक भेद लिहून घ्यावा असे माझे मत आहे. त्रुटींचा तपशील गुप्त राहील, पण आक्षेप किती होते, किती मिटले आणि ते मिटल्याचे कोणी पाहिले, हे आकडे सभासदांपुढे किंवा भागधारकांपुढे येतील.

जाहीर अहवालांनाही मर्यादा असतात. ते सर्टिफिकेट नेमके केव्हा संपले? गाओच्या अहवालात ते घुसखोरीच्या सुमारे दहा महिने आधी संपल्याचे म्हटले आहे, तर प्रतिनिधीगृहाच्या अहवालात ते एकोणीस महिने बंद होते असे आहे. मोजणीचा आरंभ आणि शेवट वेगळा धरला तरी हे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. एवढ्या मोठ्या चौकश्यांनंतरही एका मुदतीच्या तारखेवर एकमत नसेल, तर ज्या घटनेवर एकच बंद लिफाफ्यातला अहवाल आहे तिच्याविषयी आपल्याला किती कळत असेल?

आपल्याकडे ‘सर्ट-इन’ या केंद्रीय पथकाने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते, यंत्रांची घड्याळे सरकारी वेळेशी जुळवावी लागतात आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात. हा नियम इक्विफॅक्सला लावून पाहू. २९ जुलै २०१७ पासून १८० दिवस मागे गेलो तर ३० जानेवारी येते. १० मार्चची चाचपणी आणि १३ मेची घुसखोरी दोन्ही त्या कक्षेत येतात, म्हणजे चोरी दिसली असती. पहाऱ्याचे सर्टिफिकेट मात्र दोन्ही अहवालांच्या मते त्याहून पुष्कळ आधी संपले होते. ती नोंद १८० दिवसांच्या लॉगमध्ये मिळाली नसती. आणि २०१५चा आक्षेप तर कोणत्याच लॉगमध्ये नसतो.

फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने चिनी सैन्यातील चौघांवर या घुसखोरीचे आरोपपत्र ठेवले. एका सर्व्हरवरच्या नोंदी रोज पुसल्या जातील अशी त्यांनी व्यवस्था केली होती, असे त्यात म्हटले आहे. त्याआधी, जुलै २०१९ मध्ये, कंपनीने किमान साडेसत्तावन्न कोटी डॉलरची तडजोड मान्य केली होती. चोर कोण, याचे उत्तर तपासाने दिले. दार उघडे का राहिले, याचे उत्तर कंपनीच्याच दप्तरात २०१५ सालापासून होते. आपली माहिती ज्या बँकेत, पतसंस्थेत किंवा रुग्णालयात आहे, तिला ‘तुमचे ऑडिट झाले का’ असे विचारले तर उत्तर बहुधा ‘हो’ असेच येईल. मागच्या ऑडिटचे किती आक्षेप मिटले, आणि ते मिटल्याचे कोणी येऊन पाहिले, हा प्रश्न विचारून पाहावा. त्याचे उत्तर देताना कोणतेही गुपित फुटत नाही.